बावीस हजारांच्या पत्रातून हातात किती येणार?

प्रश्न : ताई, मी सोलापूरची, बी.कॉम. झाले आहे. दोन वर्षं नवी पेठेत एका कर सल्लागारांकडे काम करते. महिना १३ हजार मिळतात, रोख. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून ज्युनिअर अकाउंटंटचं ऑफर लेटर आलंय. सीटीसी वर्षाला २,६४,००० लिहिलाय, म्हणजे महिना २२ हजार. पण सहा महिने प्रोबेशन, तोवर ठोक १५ हजार आणि पीएफ-ईएसआय नाही. रुजू होताना मूळ मार्कशीट, सही केलेला कोरा चेक, आधीच्या ठिकाणचं रिलिव्हिंग लेटर आणि तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागितल्यात. बाबा म्हणतात, एवढ्या मोठ्या कारखान्यात प्रश्न विचारत बसू नकोस, सही करून टाक. पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. पत्राचा आणि पगाराच्या तक्त्याचा फोटो पाठवते आहे. काय करू?

उत्तर : सोमवारपर्यंत वेळ आहे, म्हणजे घाई नाही. नोकरी घ्यावी असं माझं मत आहे. कर सल्लागाराकडे तुम्ही रिटर्न भरायला शिकला असाल. कारखान्यात ज्या हिशोबातून ते रिटर्न तयार होतं, तो हिशोब शिकायला मिळेल : सुताची खरेदी, प्रोसेसिंगला गेलेला माल, कामगारांचे पगार, निर्यातीची बिलं. पुढच्या नोकरीला हाच अनुभव कामाला येतो. पण हे पत्र आहे तसं स्वीकारू नका. त्यातल्या काही ओळी बदलून घ्यायच्या आहेत आणि एक गोष्ट मुळीच द्यायची नाही.

आधी पगाराचा तक्ता. पत्राच्या शेवटच्या पानावर छोट्या अक्षरात तो आहे आणि खरं पत्र तेच आहे. मूळ पगार ९,०००, घरभाडे भत्ता ३,६००, विशेष भत्ता ५,४००. हे झाले १८,०००. त्याच्या खाली कंपनीचा पीएफचा हिस्सा १,०८०, कंपनीचा ईएसआयचा हिस्सा ५८५, ग्रॅच्युइटी ४३३, बोनस ५८३ आणि ‘कामगिरी प्रोत्साहन’ १,३१९. सगळं मिळून २२,०००. बेरीज बरोबर आहे, फसवणूक नाही. फक्त त्यातले दर महिन्याला पगार म्हणून येणारे १८,०००च आहेत, खालचे चार हजार नाहीत.

त्या चार हजारांकडे एकेक करून बघा. पीएफ आणि ईएसआयचा कंपनीचा हिस्सा तुमच्यासाठीच भरला जातो, पण तो तुमच्या खिशात येत नाही. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाल्यावर लागू होते. तुम्ही तीन वर्षांनी पुण्याला गेलात तर दरमहा दाखवलेल्या या ४३३ रुपयांतला एक पैसाही मिळणार नाही. बोनस वर्षातून एकदा, बहुतेक ठिकाणी दिवाळीच्या सुमारास मिळतो. ७,००० रुपयांवर ८.३३ टक्के धरून महिन्याला ५८३ काढलेत, म्हणजे कायद्यातल्या किमान दरानेच बोनस सीटीसीत मांडला आहे. राहिलं प्रोत्साहन. ते कशावर, कोण ठरवणार, कधी देणार, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. ज्या रकमेला अट नाही आणि तारीख नाही, ती पगारात धरून घरचं गणित मांडू नका.

आता १८,००० मधून काय कापलं जाईल? तक्त्याप्रमाणे तुमचा पीएफ ९,००० च्या १२ टक्के, म्हणजे १,०८०. ईएसआय ०.७५ टक्का, त्यांनी १८,००० वर धरलाय म्हणून १३५. व्यवसाय कर तुम्हाला लागणार नाही, कारण महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. तुमच्या जागी मुलगा असता तर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० गेले असते. तेव्हा तक्त्याप्रमाणे कायम झाल्यावर हातात १६,७८५.

पण या तक्त्यातही एक चूक आहे. तुम्ही आता पगारपत्रकाच्या कामातच शिरणार आहात म्हणून सविस्तर सांगते. पीएफ फक्त ९,००० वर काढलाय आणि ५,४०० चा विशेष भत्ता बाजूला ठेवलाय. पगाराचे असे तुकडे पाडून पीएफ कमी करायची पद्धत जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ पगारातच धरायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही वेतनाच्या व्याख्येतून घरभाडं, प्रवासखर्च यांसारख्या ठरावीक रकमाच वगळल्या आहेत. नुसतं ‘विशेष भत्ता’ असं नाव दिलेली रक्कम त्यांत बसत नाही. म्हणजे तुमचा पीएफ १४,४०० वर निघायला हवा : महिना १,७२८. तसं झालं तर हातात १६,१३७ येतील, साडेसहाशे रुपयांनी कमी. मात्र तेवढेच साडेसहाशे कंपनीलाही जास्त भरावे लागतील, आणि दोन्ही रकमा तुमच्याच नावावर जमा होतील.

इथे एक मागणी करता येईल. पीएफ वाढवा म्हटलं की अकाउंट्सचे साहेब म्हणतील, सीटीसी ठरलेला आहे, वाढीव ६४८ आम्ही कुठून आणणार? त्यांना सांगा, ते १,३१९ रुपयांचं प्रोत्साहन आहे ना, त्यातून हलवा. कंपनीचा एकूण खर्च २२,००० च राहतो, आणि तुमची बिनभरवशाची रक्कम खात्रीच्या खात्यात जाते. हे बोलणं त्यांना समजेल, कारण ते त्यांच्याच भाषेत आहे.

आता प्रोबेशन. पत्रातला खरा धोका इथे आहे.

‘प्रोबेशनमध्ये पीएफ-ईएसआय लागू नाही’ हे वाक्य कायद्यात टिकत नाही. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की त्या ठिकाणी पीएफ लागू होतो, आणि १५,००० पर्यंत वेतन असलेल्या माणसाला तो रुजू झाल्या दिवसापासून लागतो. कायम, तात्पुरता, प्रोबेशनवरचा असा भेद त्यात नाही. ईएसआय दहा माणसांपासून आणि २१,००० पर्यंतच्या पगाराला. लूम, शिलाई, पॅकिंग असलेल्या टॉवेल कारखान्यात वीस माणसं सहज असणार.

मात्र याचा हिशोब तुमच्या बाबांनाही दाखवा. ठोक १५,००० वर पीएफ १,८०० आणि ईएसआय ११३ कापला की हातात १३,०८७ येतात. आज तुम्हाला १३,००० मिळतात. म्हणजे पहिले सहा महिने हातातल्या पैशात वाढ अशी नाहीच, वर रोज एमआयडीसीपर्यंत जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. त्यामुळे काही जणी स्वतःच म्हणतात, कापू नका, पूर्ण पंधरा द्या. तसं करू नका. पीएफमध्ये तुमच्या १,८०० सोबत कंपनीचेही १,८०० जातात. त्यातला मोठा भाग पेन्शन योजनेत वळतो, तरी ते पैसे तुमच्याच सेवेचे आहेत. ईएसआयच्या ११३ रुपयांत तुमच्यावर, आणि मिळकतीच्या मर्यादेत बसून तुमच्यावर अवलंबून असतील तर आई-वडिलांवरही उपचार होतात. सोलापुरात विमा योजनेचं रुग्णालय आहेच. खासगी दवाखान्यातल्या एका ॲडमिशनचं बिल आठवून बघा, मग या ११३ रुपयांचं मोल कळेल.

तेव्हा कपात टाळायला सांगू नका, प्रोबेशनचा पगार बदलायला सांगा. माझी पहिली मागणी अशी असती : पगार पहिल्या दिवसापासून तक्त्याप्रमाणे १८,००० द्या, प्रोबेशन सहा महिने ठेवा. नाही जमलं तर दुसरी : १५,००० च द्या, पण प्रोबेशन तीन महिने करा. दोन वर्षांचा अनुभव असलेल्या मुलीला टॅली आणि जीएसटी येतं की नाही हे कळायला सहा महिने लागत नाहीत. एक तिमाही बघितली की कळतं.

आणि प्रोबेशन संपतं कसं, ते नीट वाचा. पत्रात लिहिलंय, ‘व्यवस्थापनाच्या मर्जीने कालावधी वाढवता येईल.’ किती वेळा, किती महिने, काही नाही. सहा महिने उलटले आणि कोणी काही बोललं नाही म्हणून आपण कायम झालो, असं धरता येत नाही. कायम केल्याचं पत्र लागतं. मी कारखान्यांच्या हिशोबखात्यात काम करत असताना अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांचं प्रोबेशन दीड-दीड वर्ष चाललं. त्यांना कोणी काढलं नाही की कायमही केलं नाही, आणि कमी पगारावर काम मात्र पूर्ण करून घेतलं. म्हणून एवढी ओळ टाकून घ्या : प्रोबेशन लेखी कळवून एकदाच, जास्तीत जास्त तीन महिने वाढवता येईल, तसं पत्र मुदतीत न आल्यास कर्मचारी कायम समजला जाईल. नोटिशीचंही तसंच. पत्रात कंपनी तुम्हाला चोवीस तासांत काढू शकते, तुम्हाला मात्र साठ दिवस द्यायचे आहेत. प्रोबेशनमध्ये दोघांनाही पंधरा दिवस आणि नंतर दोघांनाही एक महिना, ही रास्त मागणी आहे.

कामाच्या स्वरूपाबद्दल पत्रात एकच वाक्य आहे : ‘अकाउंट्सचे व व्यवस्थापन सांगेल ते काम.’ छोट्या गावात, घरच्या कारखान्यात असं असतंच, त्यावर भांडू नका. पण दोन गोष्टी तोंडी तरी विचारून घ्या. रोकड तुमच्या ताब्यात असणार का? कारण पत्राच्या दुसऱ्या पानावर ‘रोख किंवा मालात तूट आल्यास पगारातून वसूल केली जाईल’ असंही लिहिलंय. कायद्याने अशी कपात तेव्हाच होते, जेव्हा ती रक्कम किंवा तो माल तुमच्याकडे स्पष्ट सोपवलेला असतो, तूट तुमच्याच हलगर्जीमुळे आलेली असते आणि कापण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी दिलेली असते. गोदामातल्या टॉवेलच्या गाठी मोजणं तुमच्याकडे नसेल तर मालाची तूट तुमच्या माथी येऊ शकत नाही. त्या वाक्यात ‘लेखी सोपवलेल्या रोख रकमेत’ एवढे शब्द घालून घ्या. रोकड सांभाळायची असेलच, तर रोज संध्याकाळी शिल्लक मोजून कॅशबुकवर वरिष्ठांची सही घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. दोन-चार दिवसांचं एकदम लिहिलेलं कॅशबुक जुळत नाही तेव्हा दोष नव्या माणसावर येतो.

दुसरी गोष्ट पत्रात नाही, पण पहिल्याच आठवड्यात समोर येईल. जीएसटी पोर्टलवर ओटीपी यावा म्हणून ‘तुझाच नंबर टाकून ठेव’ असं सांगतील. नम्रपणे नाही म्हणा. नोंदणीतला मोबाईल आणि ईमेल मालकाचा किंवा अधिकृत सही करणाऱ्याचा असावा. विभागाच्या नोटिशींची सूचनाही त्याच नंबरवर येते, आणि नोकरी सोडल्यावर तो नंबर बदलून घ्यायला तुम्हालाच मागे लागावं लागतं. तुम्ही रिटर्न तयार करा, ओटीपी मालकांच्या फोनवर येऊ द्या. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला थोडी धावपळ होईल, ती चालेल.

आता रुजू होण्याच्या अटी. कोरा चेक द्यायचा नाही. यावर तडजोड नाही. सही केलेला चेक कोणाच्या हातात राहिला तर त्यावर रक्कम आणि तारीख टाकून तो बँकेत लावता येतो, आणि परत आला की चेक न वटल्याचा फौजदारी खटला तुमच्यावर उभा राहतो. हे पैसे मी देणं लागत नव्हते, हे मग तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. पगार जमा करायला खात्याचा तपशील हवा असेल तर ‘रद्द’ लिहून आडव्या रेघा मारलेला चेक द्या, किंवा पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स.

मूळ मार्कशीट दाखवायला न्या, तपासून तिथल्या तिथे परत घ्या, आणि सही केलेल्या झेरॉक्स देऊन या. पुढच्या मुलाखतीला, बँकेच्या परीक्षेला, एम.कॉम.च्या प्रवेशाला ती मूळ कागदपत्रं लागतात. दुसऱ्याच्या कपाटात ती असली की नोकरी सोडायचा निर्णय तुमच्या हातात राहत नाही. ‘आमची पद्धतच आहे’ म्हणाले तर म्हणा, ‘साहेब, पडताळणीसाठी कधीही आणून दाखवते, पण जमा करणार नाही.’ एवढ्यावरून ऑफर मागे घेणारा कारखाना असेल, तर तिथे पुढे काय होईल याचा अंदाज आत्ताच आलेला बरा.

पत्राच्या वरचं नावही तपासा. सोलापुरात एकाच आवारात भावाच्या, वहिनीच्या, मुलाच्या नावाने तीन-चार फर्म असतात. गेटवर एक नाव, लेटरहेडवर दुसरं आणि पगार तिसऱ्याच खात्यातून. तुमच्या फोटोत लेटरहेडचं नाव आणि सहीखालचा शिक्का वेगवेगळा दिसतोय. नेमणूक कोणत्या फर्ममध्ये आणि पीएफ कोणाच्या नावाने भरला जाणार, हे विचारा. फर्म वेगळ्या आहेत म्हणून माणसं वीसपेक्षा कमी, असं सांगितलं जाऊ शकतं. पण एकाच मालकीची, एकत्र चालणारी युनिट पीएफसाठी एकच धरली जातात.

हे सगळं फोनवर बोलू नका, ईमेल करा. चार ओळी पुरतात : ‘महोदय, आपले ऑफर लेटर मिळाले, आभारी आहे. रुजू होण्यास मी उत्सुक आहे. स्वीकृतीपूर्वी पुढील बाबी पत्रात नमूद व्हाव्यात ही विनंती : प्रोबेशनमधील वेतन तक्त्याप्रमाणे असावे, पीएफ व ईएसआय रुजू दिनांकापासून लागू असावेत, प्रोबेशनवाढीची कमाल मुदत व दोन्ही बाजूंना समान नोटीस नमूद असावी, मूळ कागदपत्रे पडताळून परत मिळावीत. कोऱ्या चेकऐवजी रद्द केलेला चेक देईन.’ त्यात कायद्यांची नावं आणि कलमं घालू नका. वाचणाऱ्याला धमकी वाटेल, आणि मग उत्तर अकाउंट्सच्या साहेबांऐवजी वकिलाकडून येईल. पीएफ १४,४०० वर काढायचा मुद्दा, रोकड तुटीच्या वाक्यातली दुरुस्ती आणि फर्मच्या नावाचा प्रश्न समोर बसून बोला, तिथे कागद-पेन घेऊन दाखवता येतो. मागण्यांत सोडायची वेळ आलीच, तर प्रोबेशनचा पगार सोडा. पीएफ, चेक आणि मार्कशीट सोडू नका.

राहिल्या पगारपावत्या आणि रिलिव्हिंग लेटर. तुम्हाला रोख मिळत होतं, पावत्या नाहीत. एखादा ओळखीचा म्हणेल, एक्सेलमध्ये करून देतो. खोटी पावती देऊ नका. हिशोब सांभाळायच्या नोकरीत पहिलाच कागद खोटा निघाला, तर ते कधीही तुम्हाला काढायचं कारण होऊ शकतं. त्याऐवजी तुमच्या सल्लागारांकडून त्यांच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्या : किती तारखेपासून, कोणतं काम, मानधन किती आणि रोख दिलं जात होतं हेसुद्धा. कारखान्याला आधीच कळवा की पावत्या नाहीत, हे पत्र चालेल का. त्यांचं ‘चालेल’ ईमेलवर आलं आणि दुरुस्त केलेलं, सही-शिक्क्याचं ऑफर लेटर हातात पडलं, की मगच नवी पेठेतल्या सरांना सांगा. त्याआधी राजीनामा नको.

सांगताना त्यांच्या कामाच्या तारखाही बघा. ३१ जुलैचे रिटर्न किंवा ३० सप्टेंबरचे ऑडिट रिपोर्ट तोंडावर असताना सोडलंत तर अनुभवाचं पत्र मिळायला अडचण येईल, आणि त्यांचाही खोळंबा होईल. गरज पडली तर कारखान्याकडून रुजू होण्याची तारीख पंधरा दिवस पुढे मागा, बहुतेक देतात.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात उमंग ॲपवर यूएएन तयार झाला का बघा. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणून विसाव्या तारखेच्या सुमारास पासबुक उघडा. कंपनीचा हिस्सा वेगळ्या रकान्यात दिसला पाहिजे. आणि पगारपावतीवर तो तुमच्या कपातीत दाखवलेला असेल, तर त्याच दिवशी विचारा. सीटीसीत तो मांडता येतो, तुमच्या १८,००० मधून कापता येत नाही.